दहा टिप्स लागल्या म्हणून अकरावीवर विश्वास ठेवायचा का?

"ताई, मी आणि माझा जिगरी दोस्त पुण्याच्या रेसला जातो. व्हॉट्सअ‍ॅपवर एक जण टिप्स देतो, त्याच्या सलग दहा लागल्या. आता महिन्याला ३००० मागतोय. मी म्हणतो नशीब, दोस्त म्हणतो दहा वेळा नशीब नसतं, तू जळतोस. तो पैसे भरणारे, आमचं बोलणं बंद झालंय. बरोबर कोण?"

अरे दादा, दहा घोडे लागले हे तू लिहिलंस पण भाव काय होते ते एकदाही नाही लिहिलंस, आणि सगळी गोम तिथेच आहे. तुम्ही दोघं भांडताय तेही भाव न बघता.

समजा सगळे फेव्हरिट होते, शंभराला पंचवीस भावाचे, म्हणजे शंभर लावून घोडा जिंकला तर वर पंचवीस मिळतात. असा घोडा साधारण पाचात चारदा जिंकतो असं तो भावच सांगतोय, म्हणजे डोकं न चालवता नुसते फेव्हरिट सांगत गेलं तरी सलग दहा लागायची शक्यता जवळपास नवात एक. आणि समजा त्याला खरंच कळतं, त्याचे घोडे शंभरात ८५ वेळा जिंकतात, तरी त्याच्याही सलग दहा पाचात एकदाच लागतील. नवात एक आणि पाचात एक, एवढाच फरक! म्हणजे त्या दहावरून तूही जिंकला नाहीस आणि तोही नाही. उलट सगळे बरोबरीच्या भावाचे, शंभराला शंभरवाले असते तर १०२४ मध्ये एक, तेव्हा मात्र मीही कान टवकारले असते. पण तरी विचारलं असतं की असे टिप देणारे किती आहेत, कारण हजार जण सांगत असतील तर नुसत्या नशिबाने एखाद्याच्या दहा सहज लागू शकतात, आणि तुमच्या ग्रुपवर तोच फिरणार, बाकीचे गप्प बसतात ना. शिवाय दहाही विनच्या होत्या की काही प्लेसच्या, तेही बघ, प्लेसला घोडा पहिल्या दोन-तिनात आला तरी लागली म्हणतात.

आता हिशोब. दर टिपला १००० लावले असते तर पंचवीसच्या भावाने दहा जिंकून २५०० मिळाले असते. फी ३०००. सगळ्या लागूनही तोटाच! आणि दहात दोन हुकल्या की आठांचे २००० त्यातच जातात, हातात शून्य.

दोस्ताला हे भांडण म्हणून नको सांगू, त्याला "जळतोस" म्हणावंसं वाटलं कारण तू सरळ "नशीब" म्हणून त्याची उत्सुकताच मोडलीस, तिथे तुझंही चुकलंच. एक वही घे, फी न भरता जेवढ्या टिप्स मिळतात त्या रेस सुटायच्या आधी लिहून ठेवा, वेळ आणि त्या क्षणाचा भाव टाकून, हरलेल्या पण. नंतर त्याने मेसेज डिलीट केला तरी वहीत राहील. शंभर-दोनशे झाल्या की प्रत्येकीला सारखेच पैसे धरून बेरीज करा, फी वजा करून. तोवर एक पैसा लावायचा नाही, दोघांनीही. वही दोस्ताच्या हातात दे, त्यालाच लिहू दे.