‘सांबरशिकार’ की ‘कैद्यांची कोंडी’?

प्रश्न: दोन प्रतिस्पर्धी कंपन्या खर्चिक संशोधनात एकत्र येतील का, या पेचाला कुणी ‘कैद्यांची कोंडी’ म्हणतात, कुणी ‘स्टॅग हंट’. योग्य काय? आणि त्यातले ‘दोन समतोल’ म्हणजे काय?

‘स्टॅग हंट’ हे नाव रूसोच्या १७५५ सालच्या विषमतेवरील निबंधातल्या दाखल्यावरून आले आहे: सांबर सर्वांनी मिळूनच मारता येते, ससा मात्र एकट्यालाही मिळतो. म्हणून मी ‘सांबरशिकार’ म्हणतो. तो शब्द तुमच्या पेचाला लागू पडतो की नाही, हे लाभाचे आकडे मांडल्यावरच ठरते.

रत्नागिरीत हापूसचा पल्प काढणारे दोन कारखाने आहेत असे समजू. फळातला साका, म्हणजे गरात पडणारा पांढरट दोष, बाहेरून दिसत नाही. तो फळ न कापता ओळखण्याची पद्धत दोघांना हवी आहे. संयुक्त संशोधनात प्रत्येकाने ४० लाख घातले, तर प्रत्येकाचा १०० लाखांचा फायदा होतो, म्हणजे निव्वळ ६०. एकट्याने घातलेले ४० लाख बुडतात. बाहेर राहून आपल्याच कारखान्यात किरकोळ सुधारणा करणाऱ्याला, दुसरा काहीही करो, २० लाख मिळतात. (आकडे उदाहरणापुरते आहेत.)

आता दुसरा सहभागी होणार अशी खात्री असेल, तर ६० सोडून २० कुणी घेणार नाही. आणि तो येणार नाही अशी खात्री असेल, तर २० सोडून ४० लाखांचा तोटा कुणी पत्करणार नाही. म्हणून ‘दोघे आत’ आणि ‘दोघे बाहेर’ हे दोन्ही समतोल आहेत. व्यवहारात ‘समतोल’ म्हटले की काहीतरी रास्त, चांगले असे मनात येते; येथे त्याचा अर्थ एवढाच की एकट्याने निर्णय बदलून कुणाचाही फायदा होत नाही. दोघांनाही कमी देणारी स्थितीसुद्धा त्यामुळे समतोल ठरते, आणि वर्षानुवर्षे टिकू शकते.

दोहोंपैकी कोणता समतोल प्रत्यक्षात येईल, हे विश्वासावर अवलंबून आहे. दुसरा येण्याची शक्यता ६० टक्के असेल, तर सहभागाचा अपेक्षित लाभ ६० × ०.६ − ४० × ०.४, म्हणजे बरोबर २० होतो. शक्यता याहून कमी वाटली, तर बाहेर राहणेच शहाणपणाचे. म्हणजे प्रतिस्पर्धी येण्याची आशा निम्मी-निम्मी असली तरी कारखानदार मागेच राहील. हार्सान्यी आणि सेल्टन या अर्थशास्त्रज्ञांनी १९८८ साली ‘दोघे बाहेर’सारख्या समतोलाला जोखमीच्या दृष्टीने वरचढ ठरवले. ‘दोघे आत’ हा मात्र लाभाच्या दृष्टीने वरचढ.

‘कैद्यांच्या कोंडी’त मात्र ‘दोघे बाहेर’ हा एकच समतोल असतो. समजा, बाकीचे आकडे तेच आहेत, पण एका कारखान्याने ९० लाख घालून एकट्यानेच पद्धत शोधली आणि ती गुप्त राहिली नाही, तर त्याला निव्वळ १० आणि स्वस्थ बसलेल्याला फुकटात १०० मिळतील. मग दुसरा आत असो वा बाहेर, बाहेर राहणेच फायद्याचे ठरते, आणि त्या पेचाला ‘सांबरशिकार’ म्हणणे चूक होईल. तेव्हा एकच प्रश्न विचारावा: समोरचा नक्की येणार हे कळल्यावरही अंग काढून घेण्याचा मोह होतो का? होत असेल, तर ती कोंडी, आणि तेथे करारात दंड लागतो. होत नसेल, तर दुसऱ्याचा वाटा न आल्यास पैसे परत करण्याच्या अटीवर दोघांची रक्कम त्रयस्थाकडे ठेवली, तरी पुरते.