सहसंस्थापक मध्येच गेला तर शेअर आणि कोड कोणाचे?

प्रश्न: आम्ही तिघे पुण्यात स्टार्टअप काढतोय. एक जण मध्येच सोडून गेला तर त्याचे शेअर आणि कंपनी नोंदवण्याआधी त्याने लिहिलेला कोड कोणाचा?

उत्तर: करार नसेल, तर दोन्ही त्याचेच राहतात.

शेअरसाठी चार वर्षांचे व्हेस्टिंग, म्हणजे शेअर दरमहा थोडे थोडे पक्के होत जाणे, आणि पहिल्या वर्षाचा क्लिफ, म्हणजे वर्ष पुरे होण्याआधी गेल्यास एकही शेअर पक्का न होणे, ठेवावा. समजा, त्याच्या नावावर ३,००० शेअर आहेत आणि तो अठराव्या महिन्याअखेर गेला, तर ४८ पैकी १८ महिन्यांचे १,१२५ शेअर त्याचे राहतील आणि उरलेले १,८७५ ठरलेल्या किमतीला तुम्ही दोघे विकत घ्याल. हे कलम कंपनीच्या नियमावलीतही, म्हणजे आर्टिकल्समध्ये, घालून घ्या. हस्तांतरणावरचे निर्बंध केवळ आपसातल्या करारात असले, तर ते कंपनीवर बंधनकारक ठरत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली म्हटले आहे.

कोडकडे मात्र बहुतेकांचे दुर्लक्ष होते. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार लेखक हाच पहिला मालक असतो, आणि कंपनी जन्मालाच आली नव्हती तेव्हा तो तिचा नोकर असण्याचा प्रश्नच येत नाही. म्हणून नोंदणी होताच त्याच्या सहीचे लेखी हस्तांतरणपत्र घ्या. त्यात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षेच, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत धरला जातो (कलम १९), त्यामुळे ‘कायमस्वरूपी, जगभरासाठी’ हे शब्द स्पष्ट असू द्या.

कोणते काम कोणाकडे, हेही करारात लिहा; ‘काम सोडले’ म्हणजे नेमके काय, हा वाद तिथूनच निघतो.