पीई, ईपीएस आणि डिव्हिडंड यील्ड: सराव प्रश्नात गडबड कुठे होते

प्रश्न: दादरच्या क्लासच्या सराव परीक्षेत ४०% लाभांश दिला होता, मी यील्डही ४०% लिहिलं. चूक का?

उत्तर: कारण लाभांशाची टक्केवारी दर्शनी किमतीवर असते आणि यील्ड बाजारभावावर काढतात. उदाहरण घ्या. करोत्तर नफा १२ कोटी, प्रेफरन्स लाभांश २ कोटी, इक्विटी शेअर १ कोटी, दर्शनी किंमत १० रुपये, बाजारभाव २०० रुपये.

आधी १२ मधून २ वजा करा, कारण ते पैसे इक्विटीधारकांचे नाहीत. उरलेले १० कोटी भागिले १ कोटी, म्हणजे ईपीएस १० रुपये. पीई २०० भागिले १०, म्हणजे २०. प्रेफरन्स लाभांश वजा करायचा राहिला तर पीई १६.६७ येतो, आणि पर्यायांत बहुधा तोही ठेवलेला असतो!

१० रुपयांचे ४०% म्हणजे शेअरमागे ४ रुपये लाभांश. ४ भागिले २००, यील्ड २%. दर्शनी किंमत २ रुपये असती तर तेच ४०% फक्त ८० पैसे झाले असते, म्हणून प्रश्नात ती आधी शोधा.

अर्थ विचारला तर जास्त सांभाळा. भाव १०० वर आला आणि बाकी तसंच राहिलं, तर यील्ड ४% आणि पीई १० होतो. कंपनीने एक पैसाही जास्त वाटलेला नाही. त्यामुळे ‘यील्ड वाढलं म्हणजे लाभांश वाढला’ हे विधान चूक. कमी पीई म्हणजे शेअर स्वस्तच, हेही तसंच: पुढे नफा घटेल या अपेक्षेनेही भाव पडतो. तुलना त्याच उद्योगातल्या कंपन्यांशी करा. ईपीएस उणे असेल तर पीईला अर्थच उरत नाही.