ग्रिन्यार अभिक्रिया, ओली काचसामग्री आणि जर्नलमधील चर्चा

प्रश्न: एम.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला ब्रोमोबेंझिन (20 मिलिमोल) आणि मॅग्नेशियमपासून फेनिलमॅग्नेशियम ब्रोमाइड करून त्यात बेंझोफिनोन (18 मिलिमोल) घातले. आयोडीन घालून आणि कोमट पाण्यात फ्लास्क धरूनही अभिक्रिया बऱ्याच उशिरा सुरू झाली. मॅग्नेशियम शेवटी विरघळले, पण ट्रायफेनिलमेथॅनॉल फक्त 2.6 ग्रॅम मिळाले. चर्चेत मी 'काचसामग्री ओली असावी' असे लिहिले, तर मॅडमनी 'हे कारण नव्हे, सबब आहे' असा शेरा मारला. नेमके काय लिहायला हवे?

उत्तर: मॅडमचा शेरा कठोर असला तरी योग्य आहे, कारण तुमच्या वाक्यात पाणी किती होते आणि त्याने काय केले, याचा काहीच हिशोब नाही.

पाणी या अभिक्रियेत दोन वेगवेगळ्या जागी आड येते आणि त्या दोन्हींची लक्षणेही वेगळी असतात. पहिली जागा म्हणजे धातूचा पृष्ठभाग. सुरुवातीला तयार होणारा थोडासा अभिक्रियाकारक जवळच्या पाण्याशी लगेच संयोग पावतो आणि त्यातून बनलेले Mg(OH)Br मॅग्नेशियमच्या कात्रणांवर साचते. त्यामुळे ईथर गढूळ होणे, कात्रणांपाशी बारीक बुडबुडे येणे आणि ईथर आपोआप उकळू लागणे ही सुरुवातीची चिन्हे लांबतात. तुम्हाला दिसलेला उशीर याच्याशी जुळतो. आयोडीन पृष्ठभाग मोकळा करण्यास मदत करते, पण पाण्याने खाल्लेला अभिक्रियाकारक परत आणत नाही. (अभिक्रिया सुरू होत नाही म्हणून ब्रोमोबेंझिन ओतत राहू नये, ती अचानक सुरू झाली की आवरत नाही.)

दुसरी जागा म्हणजे तयार झालेला अभिक्रियाकारक. फेनिल कार्बनवरील ऋणभार इतका तीव्र असतो की तो बेंझोफिनोनच्या कार्बोनिल कार्बनवर जाण्याआधीच पाण्याकडून प्रोटॉन घेतो:

C6H5MgBr + H2O → C6H6 + Mg(OH)Br

येथे पाणी उत्प्रेरकासारखे नव्हे, तर मोलास मोल खर्च होते. बेंझिन ईथरबरोबर उडून जाते, म्हणून हा तोटा फ्लास्कमध्ये दिसत नाही आणि त्याचा माग हिशोबानेच काढावा लागतो.

तुमचा हिशोब असा आहे. 2.6 ग्रॅम ट्रायफेनिलमेथॅनॉल म्हणजे सुमारे 10 मिलिमोल. बेंझोफिनोन 18 मिलिमोल असल्याने सैद्धांतिक उत्पादन 4.69 ग्रॅम आणि तुमचे उत्पन्न साधारण 55 टक्के येते. सर्व ब्रोमोबेंझिनचा अभिक्रियाकारक झाला असे धरले, तर 20 पैकी 10 मिलिमोल कुठे तरी गेला. हे सारे पाण्यामुळे झाले असेल, तर 10 मिलिमोल म्हणजे 0.18 ग्रॅम पाणी, अर्थात तीन-चार थेंब, फ्लास्कमध्ये हवे होते. आता ते कुठून आले असेल ते पाहा. पावसाळ्यात 30 अंश सेल्सिअस आणि 80 टक्के आर्द्रता असली तरी 100 मिलिलिटर फ्लास्कमधील हवेत केवळ अडीच मिलिग्रॅमच्या आसपास वाफ असते; तिने हा तोटा होणे शक्य नाही. डोळ्यांना कोरड्या दिसणाऱ्या काचेवरचा पातळ थरही एवढे पाणी सहसा देणार नाही. मात्र कंडेन्सरच्या सांध्यात अडकलेले थेंब किंवा पाण्याने संपृक्त झालेले ईथर सहज देईल: अशा ईथरमध्ये वजनाने एक टक्क्याहून अधिक पाणी असते आणि 20 मिलिलिटरमध्ये ते 8 मिलिमोलच्या आसपास जाते. काचसामग्री ॲसिटोनने धुऊन घाईने वापरली असल्यास त्याचाही उल्लेख करा, कारण ॲसिटोन स्वतःच कीटोन आहे आणि अभिक्रियाकारक वापरून टाकते.

एवढ्याने पाणी सिद्ध होत नाही. पाण्यामुळे उत्पन्न घटले असेल, तर साधारण 8 मिलिमोल, म्हणजे जवळपास दीड ग्रॅम बेंझोफिनोन अभिक्रियेविना उरलेच पाहिजे. कच्चा पदार्थ पेट्रोलियम ईथरने धुतला असेल, तर त्या धुवणाचा अवशेष वाळवून वजन करा आणि अवरक्त वर्णपट घ्या. सुमारे 1660 सेमी⁻¹ पाशी तीव्र कार्बोनिल पट्टा आणि भरीव वजन मिळाले, तर अभिक्रियाकारक कमी पडला हे निश्चित झाले. त्याबरोबर सुमारे 70 अंशांना वितळणारे बायफेनिलही भरपूर मिळाले, तर जुळणीची दुय्यम अभिक्रिया जबाबदार आहे. ती पाण्याच्या नावावर लिहू नका. दोन्ही कमी असतील, तर बहुधा उत्पादनच पुनर्स्फटिकीकरणाच्या द्रवात राहिले. मात्र पाण्याने मारलेला अभिक्रियाकारक आणि मुळात तयारच न झालेला अभिक्रियाकारक यांत बेंझोफिनोनचे वजन फरक दाखवत नाही. त्यासाठी बेंझोफिनोन घालण्यापूर्वी मॅग्नेशियम किती उरले होते याची नोंद लागते. ते विरघळल्याचे तुम्ही पाहिले ते आम्ल घालण्याआधी की नंतर, हे स्पष्ट लिहा, कारण आम्लात उरलेले मॅग्नेशियमही विरघळते.

अवशेषात बेंझोफिनोन भरपूर निघाले, तर जर्नलमध्ये असे लिहिता येईल: 'अभिक्रिया उशिरा सुरू होणे आणि धुवणात न वापरलेले बेंझोफिनोन मिळणे, यांवरून फेनिलमॅग्नेशियम ब्रोमाइडचा काही भाग प्रोटॉन घेऊन नष्ट झाला असावा. उत्पन्नातील सर्व घट त्यामुळेच असेल, तर सुमारे 0.18 ग्रॅम पाणी लागते; त्याचा संभाव्य स्रोत काचेपेक्षा ईथर वाटतो.' पुढच्या वेळी काचसामग्री 120 अंशांच्या ओव्हनमध्ये वाळवून, गरम असतानाच जोडून, कॅल्शियम क्लोराइडच्या नळीखाली थंड करा आणि ईथर सोडियमच्या तारेवर ठेवलेलेच घ्या. हा बदल चर्चेच्या शेवटी कारणासह नोंदवा.