दुकान हलव, पण नंबर एवढ्यात बदलू नकोस

अगं पोरी,

मेसेज वाचला तुझा. ब्लाऊजच्या दुकानाची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली, ऑगस्टअखेर गाळा रिकामा करायचा, नौपाड्यातून पाचपाखाडीला जायचं आणि पार्टनर लग्न होऊन नाशिकला चाललीये, सिम तिच्या नावावर, म्हणून त्याच दिवसापासून नवा नंबर, एकदाच काय ते सगळ्यांना कळवून मोकळं व्हायचं असं तू म्हणतेस. माझं ऐकशील तर ही दोन्ही कामं एकदम करू नकोस. पत्ता बदलला तर बाई फोन करून विचारते, नंबर बदलला तर दुकानात येऊन विचारते, पण दोन्ही एकाच दिवशी बदललं की तिने विचारायचं कुणाला? मग ती समोर दिसेल त्या टेलरकडे जाते, आणि तिथे ब्लाऊज नीट बसला की संपलं. म्हणून आत्ता फक्त पत्ता बदल, नंबरचं फेब्रुवारीनंतर बघू.

फेब्रुवारी एवढ्यासाठी म्हणतेय की आपल्या धंद्यात नेहमीचं गिऱ्हाईक म्हणजे दर महिन्याला येणारं नव्हे. कुणी गणपतीला येतं, कुणी नवरात्र-दिवाळीला, आणि बऱ्याचजणी तुळशीचं लग्न झाल्यावर घरात कार्य निघालं की एकदम सहा-सात ब्लाऊज घेऊन येतात. माझ्या मॅचिंग सेंटरवर पण तेच चेहरे दिसतात ना, अस्तर आणि फॉल न्यायला. पंधरा दिवस बोर्ड लावलास तर यातल्या निम्म्या बायकांना तो दिसणारच नाही, त्या त्या दिवसांत तिकडे फिरकतच नाहीत. एक पूर्ण सीझन जुना नंबर चालू राहिला पाहिजे.

त्यासाठी पार्टनरशी आत्ताच बोल. दोघी मिळून कंपनीच्या गॅलरीत जा, नंबर तुझ्या नावावर ट्रान्सफर होतो का विचारा, झाला तर नंबर बदलायचा प्रश्नच मिटला. नव्या गाळ्यात रेंज नाही वगैरे अडचण असेल तर पोर्ट करता येतं, नंबर तोच राहतो. तिला स्वतःलाच तो नंबर हवा असेल तर निदान फेब्रुवारीपर्यंत सिम तुझ्याकडे राहू दे म्हण. आणि रिचार्ज तू कर, विसरू नकोस, बंद पडलेला नंबर कंपनी ९० दिवसांनंतर दुसऱ्या कुणालाही देऊ शकते, मग तुझ्या बायका फोन करणार आणि उचलणार कुणी भलताच माणूस.

आता कळवायचं कसं. सगळ्यात आधी मापाची वही आणि पावतीबुक घेऊन बस. ज्यांचं कापड तुझ्याकडे पडलंय, ज्यांचा मापाचा ब्लाऊज ठेवलाय, ट्रायल बाकी आहे, त्या सगळ्यांना स्वतः फोन कर, मेसेज नको. का ते सांगते. पैठणीचा ब्लाऊजपीस दिलेली बाई पावती घेऊन आली आणि समोर बंद शटर, नाहीतर बिल्डरने ठोकलेले पत्रे दिसले, की तिला वाटतं टेलर कापड घेऊन पळाली. ती नुसती गिऱ्हाईक म्हणून जात नाही, सोसायटीत चार जणींना सांगते. या बायकांच्या हातातल्या पावतीवर जुनाच पत्ता छापलेला आहे हे लक्षात ठेव. शिफ्टिंगच्या आधी दोन आठवडे नवीन पावत्या देताना मागे नव्या पत्त्याचा शिक्का मार, पिशवीला पण स्टिकर लाव, पिशवी वर्षभर घरात राहते.

बाकीच्यांना व्हॉट्सॲप ब्रॉडकास्ट, पण जुन्याच नंबरवरून. ब्रॉडकास्ट फक्त ज्यांनी तुझा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो. नवा नंबर आज कुणाकडेच सेव्ह नाही, त्यावरून तू ब्रॉडकास्ट केलास तर तुझ्या बाजूने गेला असं वाटेल आणि पोचलेला कुणालाच नसेल. एका लिस्टमध्ये २५६ जणी बसतात, तुझ्या त्याहून जास्त असतील तर दोन लिस्ट कर. दुसऱ्या दिवशी बघ, ज्यांच्या नावापुढे डबल टिक नाही आली त्यांना वेगळा मेसेज टाक, नाहीतर फोन. मजकूर साधा ठेव, साधारण असा:

"नमस्कार ताई. आपलं ब्लाऊजचं दुकान १ सप्टेंबरपासून पाचपाखाडीत असेल. (जवळची खूण), त्याच्या बाजूच्या गल्लीत, तळमजला, गाळा नं. (...). जुन्या दुकानातून रिक्षाने जवळच आहे. तुमची मापं माझ्याकडे आहेत, पुन्हा द्यायची गरज नाही. फोन नंबर सध्या हाच आहे. सोबत लोकेशन पाठवतेय."

मापांचं वाक्य काढू नकोस, बायकांना तीच काळजी असते. आणि 'भव्य शुभारंभ'वाला फुलांचा फोटो नको गं, त्यात पत्ता बारीक अक्षरात तळाशी जातो आणि बाई फुलं बघून पुढे सरकते. एक मेसेज शिफ्टिंगच्या आधी आठवडाभर, एक दुकान उघडल्यावर, मग नवरात्रीच्या आधी एक आणि लग्नसराईच्या तोंडावर एक. बास, जास्त केलंस तर ब्लॉक करतील.

बोर्डाचं म्हणशील तर शटरवर लावलेला फ्लेक्स बिल्डिंग पाडताना जाणार. विजेच्या खांबावर लावू नकोस, महापालिका काढते आणि दंड वेगळा. रस्त्यापलीकडचं मेडिकल आहे, माझं काउंटर आहे, आम्ही कुठे जात नाही आहोत, तिथे ए-फोर साइजचा लॅमिनेट कागद लाव. आणि वीस-पंचवीस कार्डं माझ्याकडे देऊन ठेव, अस्तर घ्यायला आलेल्या बाईला मी हातात देईन, म्हाताऱ्या बायका व्हॉट्सॲप बघत नाहीत, त्यांना कार्डच चालतं.

गुगल मॅपवर जुनीच लिस्टिंग उघडून पत्ता बदल, पिन नीट सरकव, तेही शिफ्ट झाल्याच दिवशी, आधी नको नाहीतर लोक रिकाम्या गाळ्यावर पोचतील. नवीन लिस्टिंग काढू नकोस आणि जुनीला कायमची बंद असं मार्क तर मुळीच करू नकोस, तुझे सगळे रिव्ह्यू तिथेच आहेत. गुगल परत व्हेरिफिकेशन मागू शकतं, व्हिडिओ वगैरे, तेव्हा दुकानावर पाटी आधी लागलेली असू दे.

नंबर तुझ्या नावावर झाला नसेल तर मग फेब्रुवारीत तो बदल. तोपर्यंत नवं सिम घेऊन ठेव आणि कार्डावर दोन्ही नंबर छाप. बदलायच्या आठवड्यात जुन्या नंबरवरून शेवटचा ब्रॉडकास्ट कर, 'हा नवा नंबर सेव्ह करा' असं स्पष्ट लिहून, आणि त्यानंतरच व्हॉट्सॲपमधलं Change number वापर. तिथे कुणाला कळवायचं ते विचारतं, ज्यांच्याशी चॅट झालंय त्यांना कळव असं निवड. हे आधी केलंस तर जुना नंबर व्हॉट्सॲपवरून जातो आणि त्यावर आलेला मेसेज तुला दिसणारच नाही. साध्या कॉलसाठी फोनच्या सेटिंगमधून जुन्या नंबरचे कॉल नव्यावर फॉरवर्ड करून ठेव, सिम पार्टनरला परत देईपर्यंत चालेल.

एक गोष्ट मात्र सप्टेंबरलाच उरकून घे, ती फेब्रुवारीपर्यंत ढकलू नकोस. यूपीआय. सध्याचा क्यूआर पार्टनरच्या खात्याला जोडलाय ना? बऱ्याच बायका क्यूआर स्कॅन न करता फोन नंबर टाकूनच पैसे पाठवतात, ते तिच्याच खात्यात जाणार, आणि मग दर आठवड्याला तिच्याकडे हिशेब मागत बसायचं, मैत्रीत कडवटपणा येतो. तुझ्या खात्याचा क्यूआर नव्या काउंटरवर पहिल्या दिवसापासून लाव, आणि शिलाई घेताना प्रत्येकीला तोंडाने सांग की पैसे यावरच करा, नंबरवर नको.

कार्डं आणि फ्लेक्स छापायला टाकायच्या आधी मजकूर मला पाठव. मी तो दुकानात येणाऱ्या दोन-तीन बायकांना वाचायला देते, त्यांना पत्ता एका वाचनात कळला तरच छाप.

तुझी,
मॅचिंग सेंटरवाली मावशी