चौपाईतला ‘पाद’ आणि चारोळीतली ओळ

प्रश्न : सुदाम्याची कथा चौपाईत लिहितो आहे. चारही ओळींचे यमक एकच हवे का? चौपाई म्हणजे चारोळीच ना?

नाही, आणि ही गल्लत आता फारच ऐकू येऊ लागली आहे. चारोळीत ओळी मोजतात, तर चौपाईत ‘पाद’ मोजतात. जनावराच्या चार पायांपैकी एक तो चौथा हिस्सा, म्हणून संस्कृतात ‘पाद’ म्हणजे पायही आणि चतुर्थांशही. आपला पाय आणि पावशेरातला ‘पाव’ हे दोन्ही त्यातूनच आले. पाऊण म्हणजे पादोन आणि सव्वा म्हणजे सपाद. बाजारात रोज सव्वा किलो मागणाऱ्याच्या तोंडी चौपाईतलाच पाद असतो!

चौपाईचा प्रत्येक पाद, म्हणजेच चरण, सोळा मात्रांचा असतो आणि त्याचा शेवट गुरू-लघू असा करत नाहीत. यमक जोडीजोडीने जुळते. अशा एका जोडीला अर्धाली म्हणतात. चार चरण झाल्याशिवाय चौपाई मानायचीच नाही, असे काही छंदशास्त्री बजावतात, पण ते मला मुळीच पटत नाही. जायसीच्या ‘पद्मावत’ या अवधी कथाकाव्यात सात अर्धालींनंतर दोहा येतो, आणि सातांच्या पूर्ण चौपाया होतच नाहीत, साडेतीन होतात. नाव चार पादांचे असले तरी कवी अर्धालीनेच पुढे सरकत होता, हे माझे ठाम मत आहे.

लिहिताना याचा थेट उपयोग होतो : पहिल्या अर्धालीत स्थिती सांगावी, दुसरीत कथा एक पाऊल पुढे न्यावी.

घरी न दाणा, उपास घडती ।
मुले भुकेने रडून पडती ॥
पत्नी म्हणते, जावे आता ।
हरी सखा तो अपुला त्राता ॥

येथे चारही चरणांना ‘-डती’ लावले असते, तर पुढच्या कडव्यांत यमकासाठी क्रियापदे ओढूनताणून आणावी लागली असती आणि सुदामा घराबाहेर पडलाच नसता.

मात्र सोळा मात्रा भरल्या म्हणजे काम झाले, असे समजू नये. ‘सुदामा निघे द्वारकेकडे’ यात मात्रा बरोबर सोळा आहेत, तरी म्हणताना चरण अडखळतो, कारण ‘सुदामा’ पाच मात्रांचा असल्यामुळे चारांचा ठेका ‘मा’च्या मधोमध तुटतो. तेच शब्द ‘निघे सुदामा द्वारकेकडे’ असे फिरवले की ‘निघे सु’ चार, ‘दामा’ चार, आणि पुढे ‘द्वार’ तीन, ‘केक’ तीन, ‘डे’ दोन अशी चाल मिळते. तीन मात्रांच्या गटाला लागूनच दुसरा तीनांचा गट आला आणि मागून दोन मात्रा आल्या, की आठांचा अर्धा चरण सावरतो. त्यामुळे मात्रा बोटांवर मोजून झाल्यावर चरण टाळी देत म्हणून पाहावा. टाळी शब्दात जिथे अडकेल, तिथले शब्द आधी फिरवून पाहावेत आणि तेवढ्याने भागले नाही तरच बदलावेत.