फोटोग्राफरमधला ‘टॉ’ कुठून आला?

“मॅडम, मी लग्नाचे फोटो काढतो. दोन वर्षांपासून गोव्यात परदेशी पाहुण्यांची लग्नं मिळायला लागली आहेत. ‘फोटोग्राफ’ म्हटलं की त्यांना लगेच कळतं, पण ‘आय ॲम द फोटोग्राफर’ म्हटलं की ‘सॉरी?’ म्हणतात. एक ‘अर’ जास्त लागला तर एवढं काय बिघडतं? आणि असे सगळे शब्द पाठच करायचे, की काही नियम आहे?”

नाशिकहून आलेल्या या तरुणाला मी आधी तीन शब्द म्हणायला सांगितले आणि फोनवर रेकॉर्ड केले: फोटोग्राफ, फोटोग्राफर, फोटोग्राफिक. पहिला सुरेख होता. कुठल्या तरी व्हिडिओत पाहून त्याने ‘फो’वर जोर द्यायला शिकून घेतलं होतं. तोच जोर त्याने पुढच्या दोन्ही शब्दांत जसाच्या तसा नेला होता. त्याच्या दृष्टीने ते बरोबरच होतं, कारण मराठीत शब्दाला काहीही जोडलं तरी ‘जोर कुठे’ हा प्रश्न आपल्याला पडतच नाही. आपण सगळी अक्षरं साधारण सारख्याच तोलाने म्हणतो.

इंग्रजीत तसं चालत नाही. शब्दाचा एक तुकडा ठसठशीत असतो, बाकीचे दबतात आणि दबलेल्या तुकड्यांमधला स्वर बहुतेक वेळा नुसता ‘अ’ होऊन जातो. ऐकणारा आधी तो ठसठशीत तुकडा पकडतो आणि त्यावरून शब्द ओळखतो. हे दाखवायला आपली लिपी फार सोयीची आहे. ज्या अक्षराला काना-मात्रा काही नाही, त्यात दबलेला ‘अ’ आयताच बसलेला असतो. शब्दकोशात जोराच्या तुकड्याआधी उभी रेघ असते, तशी रेघ घालून मी त्याला लिहून दिलं:

ˈफो-ट-ग्राफ
फ-ˈटॉ-ग्र-फर
फो-ट-ˈग्रॅ-फिक

तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, “पहिल्यात ‘ट’ मेलेला आहे आणि दुसऱ्यात तोच जिवंत झालाय.” अगदी हेच. फोटोग्राफरमध्ये ‘फो’चा ‘फ’ होतो, ‘ग्रा’चा ‘ग्र’ होतो आणि जो ‘ट’ पहिल्या शब्दात दबून गेला होता तो ‘टॉ’ म्हणून वर येतो. त्याच्या तोंडी नेमके ‘फो’ आणि ‘ग्रा’ भारदस्त होते आणि ‘टो’ घाईत निघून जात होता. समोरच्याच्या कानावर पडणारा आकारच वेगळा होता. (इंग्लंडमध्ये शेवटचा ‘र’ ऐकू येत नाही, अमेरिकेत येतो. त्याने काही अडत नाही.)

प्रत्यय शेवटी लागतो आणि बदल आधीच्या अक्षरात होतो, हे आपल्याला नवं असायचं कारण नाही. ‘दूध’ला ‘ला’ लावला की दुधाला होतं, ‘फूल’चं फुलाला. ‘उद्योग’ला ‘इक’ लागला की पहिलं अक्षर बदलून ‘औद्योगिक’ होतं, इतिहासाचं ‘ऐतिहासिक’. इंग्रजीतला ‘इक’ही असाच खोडकर आहे, फक्त तो शब्दाच्या सुरुवातीपर्यंत जात नाही. आपल्या लगेच आधीच्या तुकड्याला धरतो आणि जोर तिथे आणतो. म्हणून फो-ट-ˈग्रॅ-फिक. पहिला ‘फो’ इथे शाबूत राहतो, कारण त्याच्यावर दुय्यम जोर असतो.

म्हणून मोजायचं शेवटाकडून. शब्दाच्या सुरुवातीकडे बघत बसलात की फसलात.

‘इक’सारखे आणखी तीन-चार प्रत्यय त्याच्या धंद्यात रोज येत होते. मी त्याचं दरपत्रक मागवलं आणि त्यातलेच शब्द घेतले. ‘शन’: रि-ˈझर्व्ह, पण रे-झर-ˈव्हे-शन, ˈकॅन्-सल, पण कॅन्-स-ˈले-शन. ‘इटी’: ˈफ्लेक्-सि-बल, पण फ्लेक्-सि-ˈबि-लि-टी, क्रि-ˈए-टिव्ह, पण क्रि-ए-ˈटि-व्हि-टी. ‘इअल’: ˈसे-रि-म-नी, पण से-रि-ˈमो-निअल. सगळीकडे एकच गोष्ट: प्रत्यय ओळखायचा आणि त्याच्या लगेच आधीच्या तुकड्यावर जोर द्यायचा. मूळ शब्दात जोर कुठे होता, हे विसरलं तरी चालतं.

याच्या उलट काही प्रत्यय गप्प बसतात. इंग, नेस, फुल, लेस, ली, मेंट हे लागले तरी जोर जिथे होता तिथेच राहतो: ˈमॅ-निज, ˈमॅ-निज-मेंट. काम करणाऱ्याचा ‘अर’सुद्धा गप्प गटातला: ˈमॅ-नि-जर, डि-ˈझाय-नर. हे सांगितलं आणि त्याने मला बरोबर पकडलं. “मग फोटोग्राफरमधला ‘अर’ गप्प का नाही बसला?”

हा प्रश्न फार थोडे विचारतात आणि खरी गंमत इथेच आहे. ‘अर’ तिथेही गप्पच आहे. आपण हा शब्द चुकीच्या शब्दापासून घडवतो, म्हणून घोटाळा होतो. फोटोग्राफरची जोडी ‘फोटोग्राफ’शी लावायची नाही, ‘फोटोग्राफी’शी लावायची. फ-ˈटॉ-ग्र-फी, फ-ˈटॉ-ग्र-फर. ‘ग्रफी’ने जोर आधीच ‘टॉ’वर आणून ठेवलेला असतो. भूगोलतज्ज्ञाला इंग्रजीत जि-ˈऑ-ग्र-फर म्हणतात. तिथे ‘जिओग्राफ’ असा मूळ शब्द कुणी वापरतच नाही, जिऑग्रफी आहे आणि जिऑग्रफर आहे. या तरुणाच्या लग्नाच्या टीममध्ये तर असे तीन जण होते: फ-ˈटॉ-ग्र-फर, व्हि-डि-ˈऑ-ग्र-फर आणि संगीतच्या रात्री नाच बसवणारा कॉ-रि-ˈऑ-ग्र-फर. तिघांचाही जोर ‘ग्रफर’च्या लगेच आधी. ‘लजी’ आणि ‘क्रसी’ने संपणाऱ्या शब्दांनाही हेच माप लागतं: बाय-ˈऑ-ल-जी, डि-ˈमॉ-क्र-सी.

जाता जाता सांगते, फोटोग्राफी हा शब्द इंग्रजीत रुजवण्याचं श्रेय बहुधा जॉन हर्शेल यांना दिलं जातं, 1839 सालचं. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ प्रकाशाने लिहिणं. आपण त्यालाच छायाचित्रण म्हणतो, म्हणजे एकीकडे प्रकाश आणि दुसरीकडे सावली. शब्द ग्रीकवरून घडवला, म्हणून त्याच्यावर हे शेवटाकडून मोजायचे नियम चालतात. अस्सल जुन्या इंग्रजी शब्दांना लागणारे नेस, फुल, लेस हे प्रत्यय गप्प असतात, त्यामागेही हेच मूळ आहे.

दुसऱ्या बैठकीला तो एक अडचण घेऊन आला. ‘डिजिटल’मध्ये जोर पहिल्यावर, पण ‘ऑर्नमेंटल’मध्ये ‘मेन्’वर. दोन्हीकडे ‘अल’च आहे, मग नियम कुठे गेला? मी त्याला विचारलं, शाळेत वृत्तं शिकलात ना? जोडाक्षराच्या आधीचं अक्षर गुरू. तेच इथे. ‘अल’च्या आधी दोन व्यंजनं आली की त्यांच्या आधीचा तुकडा जड होतो आणि जोर तिथे थांबतो: ऑर्-न-ˈमेन्-टल, कॉन्-टि-ˈनेन्-टल. एकच व्यंजन असेल आणि स्वर आखूड असेल, तर तो तुकडा लघु. जोर आणखी एक पायरी मागे जातो: ˈडि-जि-टल, ˈपर्-स-नल. हा नियम ‘इक’ आणि ‘शन’इतका पक्का नाही, पण अंदाज करायला पुरतो. इंजिनिअरमधला ‘निअर’ आणि ट्रेनीमधला ‘नी’ जोर स्वतःकडेच ओढून घेतात, ते त्याला ऐकूनच माहीत होतं. त्यावर आम्ही वेळ घालवला नाही.

सरावासाठी मी त्याला फक्त ओळखीची चार वाक्यं दिली: मी फोटोग्राफर, हा आमचा व्हिडिओग्राफर, रिझर्वेशन असं होतं, कॅन्सलेशनचे पैसे असे. रोज पाच वेळा म्हणायची आणि रेकॉर्ड करायची. आठवड्याने रेकॉर्डिंग आलं. ‘टॉ’वर जोर ठणठणीत होता, पण शब्द अजून ‘फो-ˈटॉ-ग्रा-फर’ असा येत होता. बहुतेकांची गाडी इथेच अडते. जोर द्यायला सगळे शिकतात, बाकीचं दाबायला विसरतात. सगळीच अक्षरं मोठ्याने आली तर जोराचं अक्षर उठून कसं दिसणार? मी त्याला सांगितलं, फोन कानापासून हातभर लांब धरा आणि ऐका. ‘ग्रा’ स्पष्ट ऐकू आला तर अजून काम बाकी आहे. फक्त ‘टॉ’ कळला आणि बाकी पुटपुटल्यासारखं वाटलं, तर जमलं. मराठी माणसाला हे पुटपुटणं अशुद्ध वाटतं, कारण शाळेत आपल्याला प्रत्येक अक्षर खणखणीत म्हणायला शिकवलेलं असतं. घरी मात्र ‘फोटोग्राफर’ अगदी आपल्यासारखंच म्हणा, असंही मी बजावलं. तो मराठी शब्द आहे आता.

डिसेंबरमध्ये त्याचा गोव्यातून फोन आला. ‘सॉरी?’ बंद झालं होतं. पण चर्चमधल्या लग्नात वधूच्या आत्याला त्याने विचारलं, ही क-ˈथॉ-लिक पद्धत का? आत्या गोंधळल्या. “‘इक’च्या आधीच दिला ना जोर?” त्याचा सूर तक्रारीचा होता.

दिला होता, नियमाप्रमाणेच. पण ‘इक’ने संपणारे काही मोजके शब्द हा नियम पाळत नाहीत: ˈकॅ-थ-लिक, ˈॲ-र-बिक, ˈपॉ-लि-टिक्स, अ-ˈरिथ्-म-टिक. ते पाठच करावे लागतात. यातली आणखी एक गंमत मी त्याला फोनवरच सांगितली. ‘कॅथलिक’ला ‘इझम’ लावून पंथाचं नाव केलं की जोर ‘थॉ’वरच जातो: क-ˈथॉ-लि-सि-झम. म्हणजे आत्यांना त्याने पंथाबद्दल विचारलं असतं, तर त्याचा ‘थॉ’ बरोबर ठरला असता.

“थांबा, लिहून घेतो,” तो म्हणाला. मागे घंटा वाजत होती आणि कुणीतरी त्याला फ-ˈटॉ-ग्र-फर म्हणून हाक मारत होतं.